पत्र कधी टाकलं, कधी पोचलं?

लॉ कॉलेजात नव्या वर्गाचं स्वागत करताना शेवटच्या वर्षातल्या कुणाला तरी बोलायला उभं करतात. ही भाषणं बहुधा ठरलेली असतात. सत्तर टक्के हजेरी सांभाळा, मूट कोर्टात भाग घ्या, अमुक सरांच्या तासाला उशिरा जाऊ नका, आणि परीक्षेला घाबरू नका. यंदा एका कॉलेजात ऐकलेलं भाषण मात्र वेगळं निघालं. तीन वर्षांच्या एलएल.बी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली ती मुलगी माईककडे न जाता फळ्याकडे गेली आणि पाठमोरी उभी राहून लिहायलाच लागली.

समोरचा वर्ग तीन वर्षांच्या कोर्सला असतो तसाच होता. परवा-परवा बी.कॉम. झालेली पोरं, त्यांच्या शेजारी बँकेतले अधिकारी, एक शाळामास्तर, एक निवृत्त फौजदार. त्यामुळे तिला ‘मित्रांनो’ म्हणून सुरुवात करणं अवघड होतं. लिहून झाल्यावर वळून ती म्हणाली, “काका, काकू, दादा, ताई आणि माझ्याहून लहान असलेले सगळे, पहिल्या सेमिस्टरला केटी लागते ती अभ्यास कमी पडला म्हणून असं सगळ्यांना वाटतं. पाठांतर चोख असलेल्यांनाही लागते. ती कशी लागते, एवढंच आज सांगणार आहे. आधी हे वाचा.”

फळ्यावर होतं ते असं. सांगलीच्या ‘अ’ने पुण्याच्या ‘ब’ला १ जूनला पत्र पाठवलं, की पन्नास क्विंटल हळद क्विंटलला १२,००० रुपये दराने द्यायला मी तयार आहे, माल २० जूनला पोचता करीन. पत्र ‘ब’ला ३ जूनला मिळालं. त्याच दिवशी संध्याकाळी हळदीचा भाव चढतोय असं पाहून ‘अ’ने दुसरं पत्र टपालात टाकलं, की माझा प्रस्ताव मी मागे घेतो. ४ जूनला सकाळी अकरा वाजता ‘ब’ने ‘मान्य आहे’ असं पत्र टाकलं. ‘अ’चं माघारीचं पत्र ‘ब’च्या हाती ५ जूनला पडलं आणि ‘ब’चं मान्यतेचं पत्र ‘अ’ला ६ जूनला मिळालं. ‘अ’ माल द्यायला नकार देतो. ‘ब’ला काय उपाय आहे?

कायद्याच्या पेपरात याला ‘प्रॉब्लेम’ म्हणतात. पेपर शंभर गुणांचा आणि तीन तासांचा धरला, तर दहा गुणांच्या प्रॉब्लेमला अठरा मिनिटं येतात. नव्या विद्यार्थ्याचं घोडं अडतं ते इथेच. बारावीपासून त्याला ‘व्याख्या द्या’, ‘फरक स्पष्ट करा’, ‘टिपा लिहा’ याची सवय असते. प्रॉब्लेममध्ये कुणी व्याख्या विचारलेली नसते, म्हणून तो स्वतःहून लिहितो. वैध कराराची सगळी अंगं, कलम १० पासून, पुरवणी मागून लिहितो आणि शेवटच्या ओळीत म्हणतो, ‘म्हणून करार झाला आहे.’ उत्तर बरोबर असतं. गुण मिळतात दोन किंवा तीन. मग रिझल्टच्या दिवशी कॉलेजच्या पायऱ्यांवर पेपर तपासणाऱ्याच्या नावाने खडे फोडणं सुरू होतं.

“तुम्हाला कायदा येतो हे तपासणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं,” ती म्हणाली. “या पाच तारखांचं तुम्ही काय केलंत, हे त्याला बघायचं असतं.”

आणि मग तिने त्या तारखांचं काय करायचं ते करून दाखवलं. तिच्या हातात भारतीय करार कायद्याचा बेअर अ‍ॅक्ट होता. बेअर अ‍ॅक्ट म्हणजे कुणाचंही भाष्य नसलेला, नुसता मूळ कायदा. किंमत गाईडपेक्षा कमी, आणि विद्यार्थी शेवटी घेतात तो हाच.

१८७२ च्या या कायद्याचं चौथं कलम सांगतं की पत्रातून कळवलेली गोष्ट कळवून ‘पूर्ण’ कधी होते. यातली मेख अशी की, ती दोन्ही बाजूंसाठी एकाच क्षणी पूर्ण होत नाही. स्वीकृतीचं पत्र टपालात पडलं आणि टाकणाऱ्याच्या हातून निसटलं, की प्रस्ताव करणारा बांधला जातो. स्वीकारणारा मात्र बांधला जातो तो पत्र समोरच्याच्या माहितीत आल्यावर. माघारीचंही तसंच. माघार घेणाऱ्यापुरती ती पत्र रवाना करताच पूर्ण होते, पण ज्याच्याविरुद्ध घ्यायची त्याच्यापुरती त्याला कळल्यावरच. पाचवं कलम याला वेळेची मर्यादा घालतं. प्रस्ताव मागे घ्यायचा तर तो स्वीकृतीने बांधला जाण्याआधी घ्या, नंतर नाही.

आता फळ्यावरच्या तारखा. ‘ब’ने ४ जूनला अकरा वाजता पत्र टाकलं, त्या क्षणी ‘अ’ बांधला गेला. ‘अ’ची माघार ३ जूनला रवाना झाली खरी, पण ‘ब’पुरती ती पूर्ण झाली ५ जूनला, म्हणजे एक दिवस उशिरा. करार झाला.

हे तिने फळ्यावर चार ओळींत लिहिलं आणि मग विचारलं, की चुकणारा विद्यार्थी नेमका कुठे चुकतो? फौजदारसाहेबांनी लगेच हात वर केला. “तो म्हणेल, माघारीचं पत्र तीन तारखेलाच गेलं होतं, स्वीकृती चार तारखेची. म्हणजे माघार आधीची.” अगदी बरोबर. ‘पत्र कधी टाकलं’ हा नियम स्वीकृतीसाठी आहे, तो त्याने माघारीलाही लावला. कलम पाठ असूनही हे होतं, कारण ‘कुणाविरुद्ध’ हे शब्द पाठ करताना जिभेवरून घसरून जातात.

यावर तिने सांगितलेली युक्ती मला फार आवडली, कारण कोर्टातही कागद वाचताना आम्ही तेच करतो. उत्तर लिहायला घेण्याआधी कच्च्या पानावर एक उभी रेघ मारायची. डावीकडे ‘अ’, उजवीकडे ‘ब’. प्रत्येक तारीख घ्यायची आणि त्या दिवशी कोण बांधला गेला, कोण अजून मोकळा आहे, ते त्या-त्या बाजूला लिहायचं. तीन मिनिटांचं काम. रेघ मारली की दिसतं, ४ जूनपासून ६ जूनपर्यंत ‘अ’ बांधलेला आहे आणि ‘ब’ मोकळा. म्हणजे ‘ब’ने ५ जूनला फोन करून ‘माझं पत्र येईल, पण मला हळद नको’ असं सांगितलं असतं, तर त्याची सुटका होती. इंग्लंडच्या कायद्यात ती त्याला इतक्या सहज मिळत नाही. तिथे १८१८ च्या अ‍ॅडम्स विरुद्ध लिंडसेल या लोकरीच्या सौद्याच्या खटल्यापासून पत्र टपालात पडलं की करार पक्का असं धरत आले आहेत. परीक्षक प्रॉब्लेममधली एकच तारीख किंवा एकच वाक्य बदलून पुढच्या वर्षी तोच प्रॉब्लेम देतो, आणि उत्तर नेमकं उलटं होतं. जुन्या पेपरची उत्तरं पाठ करून जाणारा तिथे अलगद सापडतो.

बेअर अ‍ॅक्टचा आग्रह का, तेही तिने दाखवलं. या कायद्याच्या बऱ्याच कलमांखाली उदाहरणं छापलेली आहेत. चौथ्या आणि पाचव्या कलमाखालची उदाहरणं पाहिली तर तिथेही एक ‘अ’ आहे, एक ‘ब’ आहे, घर विकायचं पत्र आहे, स्वीकृतीचं पत्र आहे आणि माघार तारेने कळवलेली आहे. घराच्या जागी हळद घाला, तारेच्या जागी पत्र घाला, की फळ्यावरचा प्रॉब्लेम तयार. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, कायद्यातली तार मात्र अजून चालू आहे. गाईडमध्ये जागा वाचवायला ही उदाहरणं गाळतात किंवा बारीक टायपात घालतात. पेपर काढणारा मात्र बेअर अ‍ॅक्ट उघडूनच बसलेला असतो.

‘ब’ला उपाय काय, हा प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. निम्मा वर्ग करार झाला का एवढंच सांगून थांबतो आणि हातातले गुण सोडतो. इथे कलम ७३ लागतं. त्याखालच्या पहिल्याच उदाहरणात पन्नास मण सोऱ्याचा सौदा मोडलेला आहे. नुकसानभरपाई मोजायची ती ठरलेला भाव आणि माल द्यायच्या दिवशीचा बाजारभाव यांतल्या फरकाने. समजा २० जूनला हळद १४,५०० रुपये क्विंटल झाली. फरक अडीच हजारांचा, माल पन्नास क्विंटल, म्हणजे सव्वा लाख रुपये. भाव घसरून ११,००० वर आला असता, तर ‘ब’ला तीच हळद बाजारात स्वस्तात मिळाली असती आणि भावाच्या फरकापोटी त्याच्या हाती काही पडलं नसतं. प्रॉब्लेममध्ये त्या दिवशीचा भाव दिलेला नसेल, तर तो नाही हे लिहायचं आणि मोजायची रीत सांगायची. आपल्या मनाने आकडा घालायचा नाही.

एव्हाना वर्ग वहीत रेघा मारू लागला होता. बँकेतल्या एका बाईंनी विचारलं, “हे सगळं पत्रांचं झालं. आज पत्र कोण टाकतं? फोनवर सौदा झाला तर?”

याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रातल्या एका खटल्यात आहे, आणि पहिल्या वर्षाला सगळ्यांना तो असतो. त्याचं लांबलचक नाव पाठ करतात, पण त्यात काय झालं ते फारसं कुणी सांगू शकत नाही. भगवानदास गोवर्धनदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल पुरुषोत्तमदास आणि कंपनी. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९६५ चा, छापून आला १९६६ च्या अंकात, म्हणून पुस्तकांत १९६६ दिसतं.

जुलै १९५९ मधली गोष्ट. अहमदाबादच्या पेढीने विदर्भातल्या खामगावच्या केडियांना फोन केला आणि सरकीची पेंड घ्यायची तयारी दाखवली. खामगावहून फोनवरच ‘दिली’ असं सांगितलं गेलं. पुढे माल आला नाही. अहमदाबादवाल्यांनी ३१,१५० रुपयांचा दावा अहमदाबादच्या कोर्टात लावला. खामगावकरांचा मुद्दा साधा होता. आम्ही ‘हो’ म्हणालो ते खामगावात, करार झाला तो खामगावात, मग अहमदाबादला खेटे आम्ही का घालायचे?

पैशांपेक्षा इथे ठिकाणाला महत्त्व आलं. पत्राचा नियम लावला तर ‘हो’ खामगावात तोंडातून बाहेर पडलं, तिथेच करार. पण बहुमताने, म्हणजे न्यायमूर्ती शाह आणि न्यायमूर्ती वांछू यांनी, पत्राचा नियम फोनला लावला नाही. फोनवर दोघं जणू समोरासमोर बोलत असतात. मध्येच लाइन तुटली आणि ‘हो’ ऐकूच गेलं नाही, तर कसला करार? म्हणून ‘हो’ जिथे ऐकू आलं तिथे, म्हणजे अहमदाबादला, करार झाला आणि तिथलं कोर्ट दावा चालवू शकतं. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांना हे पटलं नाही. ते म्हणाले, चौथ्या कलमाचे शब्द काय सांगतात ते बघा. बोललेला शब्द बोलणाऱ्याच्या हाताबाहेर गेला तो खामगावात, तेव्हा करार खामगावातच. गंमत अशी की कायदा १८७२ चा आणि फोनचं पेटंट १८७६ चं. कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात फोन असणं शक्यच नव्हतं. मला विचाराल तर हिदायतुल्लांचं वाचन कलमाच्या शब्दांशी जास्त प्रामाणिक आहे आणि बहुमताचा निकाल व्यवहाराला जास्त सोयीचा. परीक्षेत मात्र बहुमत हाच कायदा. विरोधी मत एका वाक्यात लिहिलं, तर तपासणाऱ्याला कळतं की या मुलाने खटला वाचलाय.

“खटल्याचं नाव आठवलं नाही तर पान कोरं सोडू नका,” ती म्हणाली. “खामगावच्या सरकीच्या पेंडीचा फोनवरचा खटला, असं लिहा. ‘केडिया केस’ एवढं नुसतं लिहून पुढे जाणाऱ्यापेक्षा तुमचं उत्तर वजनदार ठरेल.” मी तिच्याशी सहमत आहे. नावांची माळ ओवलेली उत्तरपत्रिका वरून भारदस्त दिसते, पण तो खटला इथे का लागतो हे एका ओळीत सांगितलेलं नसेल, तर त्या माळेतल्या मण्यांना किंमत नाही.

वयाबद्दल ती थोडक्यात बोलली. प्रॉब्लेममध्ये ‘सतरा वर्षांचा’ हे शब्द दिसले, तर ते शोभेला घातलेले नाहीत. अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्य, हे १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने मोहरीबीबी विरुद्ध धर्मदास घोष या खटल्यात ठरवलं. तिथे सावकाराच्या मुखत्याराला मुलगा अज्ञान असल्याचं आधी कळवलेलं होतं, आणि तरी गहाणखत करून घेतलं होतं. वय दिलेलं असताना बाकीचा प्रॉब्लेम स्वीकृतीचा वाटला, तरी सुरुवात वयापासून करायची. करारच होऊ शकत नसेल, तर पत्र कधी पोचलं याला अर्थ उरत नाही.

मग विषय निघाला सिनियरच्या नोट्सचा. दरवर्षी जून-जुलैत झेरॉक्सच्या दुकानांतून या नोट्सचे गठ्ठे हातोहात जातात. ती स्वतः सिनियर असून म्हणाली, “माझ्या नोट्स मागू नका. मागितल्यात तर करार कायद्याच्या घ्या, फौजदारी कायद्याच्या घेऊ नका.” कारण सरळ आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि क्रमांक सगळे बदलले. खुनाच्या शिक्षेचं ३०२ आता १०३ आहे, फसवणुकीचं प्रसिद्ध ४२० आता ३१८ मध्ये आहे, चोरीची व्याख्या ३७८ वरून ३०३ वर गेली. बाजारात आणि सिनेमात ‘चारसो बीस’ अजून चालेल, उत्तरपत्रिकेत चालणार नाही. ग्राहक संरक्षणाचंही तसंच. १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा आला, पण जुन्या नोट्समध्ये अजून १९८६ नांदतोय.

यातही एक खाच आहे, आणि ती फौजदारसाहेबांनीच काढली. “गुन्हा २० जून २०२४ चा असेल तर?” तर जुनीच दंड संहिता. गुन्हा घडला त्या दिवशीचा कायदा लागतो, म्हणून त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले आजही ३०२ खाली चालतात. प्रॉब्लेममध्ये घटनेची तारीख दिली असेल तर आधी ती बघायची आणि मगच कलमाचा आकडा लिहायचा. साहेबांना हे ठाण्यातल्या अनुभवाने ठाऊक होतं, मुलांना ते त्या दिवशी कळलं.

अभ्यास कसा करायचा, याबद्दल तिचा सल्ला एवढाच होता की प्रॉब्लेम हाताने लिहून सोडवा. वाचून ‘कळलं’ असं वाटतं. पेन हातात घेतल्यावर लक्षात येतं की ‘अ’ कोण आणि ‘ब’ कोण याचाच घोळ झालाय. घड्याळ लावून अठरा मिनिटं धरा. त्यातली तीन रेघेला, दोन मुद्दा नेमका काय ते एका वाक्यात मांडायला. ‘४ जूनला अ बांधला गेला, की त्याआधीच त्याची माघार लागू झाली?’ एवढं एक वाक्य जमलं, की उरलेलं उत्तर त्याच्या मागे आपोआप येतं. लिहून झालं की शेजारच्याला द्यायचं आणि त्याने फक्त एकच तपासायचं, की प्रॉब्लेममधली कुठली तारीख उत्तरात आलीच नाही. राहिलेल्या तारखेशीच बहुधा गेलेले गुण असतात.

शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलाने तो प्रश्न विचारला, जो आज प्रत्येक वर्गात विचारला जातो. “ताई, व्हॉट्सअ‍ॅपवर ‘ओके’ पाठवलं तर? दोन टिक आल्या, पण निळ्या झाल्या नाहीत. करार झाला का?”

तिने आधी त्याच्याकडूनच रेघ मारून घेतली. मग म्हणाली, हे पत्रासारखं मानलं तर ‘ओके’ पाठवलं तिथेच समोरचा बांधला गेला, फोनसारखं मानलं तर ते पोचायला हवं. पोचणं म्हणजे काय, यासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं, २००० सालच्या, तेरावं कलम काढा. इलेक्ट्रॉनिक संदेश रवाना कधी झाला आणि मिळाला कधी असं धरायचं, ते तिथे सांगितलंय, आणि वाचला कधी ही कसोटी तिथे नाही. म्हणजे निळ्या रंगावर फार भिस्त ठेवू नका. दोन्ही बाजू लिहा, तुमचा कल कुठे आहे ते कारणासकट लिहा. आणि एक टिक असताना समोरच्याने ‘मी माघार घेतो’ असा मेसेज टाकला असेल तर काय, हे त्याने पुढच्या सोमवारी एक पान लिहून आणायचं असं ठरलं.